अंधारातली वेल

या चित्रातून सुनेला काय मिळायचं होतं ते आधीच मांडून ठेवलेलं बरं. एक, नोकरीत कायम होणं. तीन महिन्यांची परीक्षा शुक्रवारी संपत होती आणि वाद्यांच्या दुकानाच्या सूचीपुस्तकाचं मुखपृष्ठ हा तिचा शेवटचा पेपर होता. दोन, झेरॉक्स मशीनला खेटून असलेली खुर्ची सोडून खिडकीजवळची मिळणं. तीन, घरी मारलेली थाप खरी होणं. आपण कायम झालो, असं तिने घरात महिन्यापूर्वीच जाहीर करून टाकलं होतं, आणि त्या भरवशावर नवरा नोकरीचा राजीनामा देऊन वर्षभराच्या अभ्यासक्रमाला नाव घालून बसला होता. पहिल्या दोन कलमांवर एखादवेळेस पाणी सोडता आलं असतं. तिसऱ्यावर घर चाललं होतं.

काम ऐकायला सोपं. ऑफिसात चित्रं काढणारं यंत्र होतं. त्याला शब्दांत सांगायचं, की ते मिनिटभरात चित्र हातात ठेवतं. त्या सांगण्याला सगळे प्रॉम्प्ट म्हणत आणि ते लिहिणं हा सुनेचा धंदा. दुकानदाराने एका ओळीत मागणी पाठवली होती: सतार आणि तबला, लाकडाचे रेषे दिसले पाहिजेत, पितळी फिटिंग, बाजूने उबदार प्रकाश. दुकानदार वीस वर्षं सतारी विकत होता आणि त्याने एकदाही वाजवली नव्हती, हे त्या ओळीतच दिसत होतं. पण सुनेला तेव्हा ते दिसलं नाही. तिने ओळ जशीच्या तशी यंत्राला दिली.

यंत्राने तबल्याभोवती आठ पितळी स्क्रू ठोकून दिले, बँडवाल्यांच्या ढोलाला असतात तसे. सुनेने लिहिलं, स्क्रू नकोत. स्क्रू बारा झाले. यंत्राला वस्तूचं नाव तेवढं कळतं, ‘नको’ त्याच्या कानावरून जातं. ज्याचं नाव काढाल ते येऊन बसतं. शिवाय लाकडाचे रेषे मागितले म्हणून त्याने सतारीच्या भोपळ्यालाही टेबलाच्या फळीसारखे रेषे ओढले होते.

रात्रीच्या जेवणानंतर तिने ते चित्र फोनवर सासऱ्यांना दाखवलं. सासरे, म्हणजे घरातल्या सगळ्यांचे बाबा, सतारी करायचे. ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर घर आणि घराच्या तळमजल्यावर त्यांचा कारखाना. कारखाना म्हणायचा तो सवयीने. एक खोली, एक बाक आणि एकच कामगार, ते स्वतः. चित्र बघून बाबा खोकला येईपर्यंत हसले.

“सूनबाई, हा तबला आहे की प्रेशर कुकर?”

मग डोळे पुसून त्यांनी शिकवलं. पितळ कुठे असतं? डग्ग्याचं अख्खं भांडं पितळेचं आणि सतारीचे पडदे पितळेचे, बस. तबला कसला जातो तो चामड्याच्या पट्ट्यांनी, म्हणजे वाद्यांनी, आणि त्यांच्याखाली लाकडी गट्टे सरकवून. सतारीचा भोपळा हा खरोखरचा भोपळा, वेलीवरचा, वाळवलेला. त्याला लाकडाचे रेषे कुठून येणार? सुनेने हे सगळं विजेच्या बिलाच्या पाठीवर उतरून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नवा प्रॉम्प्ट लिहिला, ज्यात एकही ‘नको’ नव्हता:

‘शिसवी तबला, चामड्याच्या वाद्या ताणलेल्या, वाद्यांखाली लाकडी गट्टे. शेजारी पितळेचा गोल डग्गा, त्याची काळी शाई मध्यापासून एका बाजूला सरकलेली. मागे टेकवलेली सतार: दांडीवर लाकडाचे उभे रेषे, भोपळा गुळगुळीत आणि पॉलिशने चमकणारा, पडदे पितळेचे, कमानीसारखे वाकलेले. डावीकडच्या खिडकीतून तिरपा, मावळतीचा प्रकाश. बाकीचं अंधारात.’

स्क्रू गेले. पण यंत्राला मोजता येत नव्हतं. बाबांच्या सतारीला वीस खुंट्या, मुख्य तारांच्या सात आणि खाली आपोआप झंकारणाऱ्या तरफेच्या तारांच्या तेरा. यंत्र कधी चौदा द्यायचं, कधी एकतीस. तारा अर्ध्यात एकमेकींत विरघळायच्या. सुनेने युक्ती काढली. चुकलेला भाग तेवढा खूण करून पुन्हा काढायला लावायचा, आणि तरीही जमलं नाही तर प्रकाश असा आखडता घ्यायचा की तो भाग सावलीत जाईल. बाबांचं त्यावर मत तयार होतं. तुझं यंत्र आणि माझा धाकटा भाऊ सारखेच, जे येत नाही ते अंधारात ढकलायचं.

एकदा तिने विचारून पाहिलं होतं, बाकावरच्या नव्या सतारीचा फोटो काढू का, यंत्राला नमुना दाखवला तर काम लवकर होईल. बाबांनी सतारीवर चादर टाकली. भोपळा आणि दांडी जुळतात त्या जागी ते पानांची एक वेल कोरायचे, त्यांची स्वतःची. चार वर्षांपूर्वी याच दुकानदाराने त्या वेलीचे फोटो काढून नेले आणि दुसरीकडून निम्म्या मजुरीत तशीच वेल कोरून आणली. ती नक्कल फारशी खपली नाही म्हणून तो पुन्हा बाबांकडे आला, एवढंच. तेव्हापासून बाबांच्या कारखान्यात फोटो बंद. सुनेने पुन्हा विषय काढला नाही आणि दोन आठवडे खपून, नुसत्या शब्दांवर, चित्र उभं केलं. बाबांनी मदतीची फी म्हणून एकच गोष्ट मागितली: छापायच्या आधी कागदावर काढून मला दाखव.

शुक्रवारी चारला छपाईच्या प्लेटा निघायच्या होत्या. दुपारी दीडला दुकानदार ऑफिसात आला, चित्र त्याने पसंत केलं आणि चारपर्यंत चहा घेत तिथेच बसला. सुनेने कागदावरची प्रत घेतली आणि अडीचला फी चुकती करायला निघाली.

बाबांनी चष्मा बदलला, कागद खिडकीपाशी धरला. तबल्याच्या वाद्या पाहिल्या, गट्टे पाहिले, शाई पाहिली. तिला वाटलं, झालं.

“सतार चांगली आहे,” बाबा म्हणाले. “कुठल्या डावखुऱ्यासाठी केलीस?”

तिला कळेना. बाबांनी बोटाने दाखवलं. तरफेच्या खुंट्या वाजवणाऱ्याच्या अंगाकडे असतात. इथे त्या पलीकडे, श्रोत्यांच्या बाजूला गेल्या होत्या. तबला-डग्गा मांडताना कसाही मांडता येतो, त्यावरून काही ठरत नाही. सतार मात्र लबाडी करू देत नाही.

सुनेने कागद पुन्हा बघितला. प्रकाश उजवीकडून येत होता. तिने तो डावीकडून मागितला होता. म्हणजे यंत्र चुकलंच नव्हतं. चित्र आरशातल्यासारखं उलटं केलेलं होतं, आणि ते फक्त मॅडम करू शकत होत्या. मॅडम म्हणजे ऑफिसच्या मालकीणबाई. दुकानाचं नाव चमकत्या अक्षरांत मुखपृष्ठाच्या डाव्या अंगाला दाबलं जायचं होतं, त्याचा साचा आधीच येऊन पडला होता, आणि अक्षरं खुलायला डावीकडे अंधार हवा होता. मॅडमनी एक कळ दाबली. प्रकाश उजवीकडे, अंधार डावीकडे, काम फत्ते. मागणीत ‘बाजूने’ असं होतं. कुठल्या बाजूने ते कोणीच कोणाला विचारलं नव्हतं.

“छापू दे की,” बाबा म्हणाले. “पुस्तक निघालं की दुकानात येणारा पहिला वाजवणारा हसेल. त्याचं तो बघेल. माझी वेल नेली तेव्हा मी बघितलंच ना.”

सून म्हणाली, “आज संध्याकाळी ठरणार आहे, मला कायम करायचं की नाही ते.”

“झालीस ना गेल्या महिन्यात? मी समोरच्यांना सांगून बसलोय.”

“नव्हते झाले, बाबा.”

बाबांनी हातातला कागद बाकावर ठेवला. कानशीला लागलेला भुसा अंगठ्याने झाडला. तसा तो झाडायची काही गरज नव्हती. मग मुलाबद्दल विचारलं, “त्याला माहीत आहे?”

“नाही.”

भिंतीवरच्या घड्याळात तीनला बारा मिनिटं होती. चित्र सुलटं करावं तर डावीकडे उजेड येतो आणि नाव बुडतं. प्रकाश उजवीकडून घेऊन नवं काढावं तर नुसत्या शब्दांवर दोन आठवडे लागले होते, तासाभरात काय होणार? खऱ्या सतारीचा एक फोटो, उजवीकडून प्रकाश पडलेला, एवढं यंत्रापुढे ठेवलं तर हाडं फोटोची राहतात आणि मांस यंत्र भरतं. हे सुनेला माहीत होतं. बाबांनाही माहीत होतं, तिनेच सांगितलं होतं. ती मागणार नव्हती.

बाबा उठले आणि सतारीवरची चादर काढली.

“उजवीकडून ना?”

त्यांनी बाकाचा दिवा उजवीकडे ओढला, पिवळा बल्ब खाली झुकवला, दुरुस्तीला आलेली तबल्याची जोडी पुढे मांडली. सतार मागे टेकवली. मग ती बोटभर फिरवली, पुन्हा अर्धं बोट फिरवली, आणि तेवढ्याने भागेना म्हणून दिव्यासमोर पुठ्ठ्याचा तुकडा धरून उभे राहिले. वेलीची जागा काळी झाली.

“एवढं माझं,” ते म्हणाले. “बाकी ने.”

सव्वातीनला ती ऑफिसात पोचली तेव्हा मॅडम आणि दुकानदार कागदाच्या जाडीवर बोलत होते. वाटेत तिने वाक्य चार वेळा घोकलं होतं. मालकीणबाईंनी चित्र उलटं केलं, असं गिऱ्हाइकासमोर म्हणायचं आणि त्याच संध्याकाळी मालकीणबाईंकडून कायम झाल्याचं पत्र घ्यायचं, हे जुळत नव्हतं. ती म्हणाली, चूक माझी आहे, मी प्रकाशाची बाजू चुकीची धरली, त्यामुळे सतार उलटी झाली आहे. त्यात निम्मं खरं होतं. मॅडमच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी आलं, आणि आतल्या आत बेरीज-वजाबाकी होऊन परत गेलं.

दुकानदाराने कागद छातीशी धरला, वाजवल्यासारखे हात केले, मग हात बदलून पाहिले. त्याचे कान लाल झाले.

“हे असं छापून गेलं असतं म्हणजे? तुमच्याकडे बघतं कोण?”

“ती अजून परीक्षेवर आहे,” मॅडम म्हणाल्या.

सुनेने ते ऐकलं आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसली. झेरॉक्स मशीन गरम होतं. चाळीस मिनिटं होती.

फोटो नमुना म्हणून लावला. नमुन्याचा जोर जास्त ठेवला तर चित्रात बाकावरची करवत आणि बाबांचा चहाचा कप आला. जोर कमी केला तर यंत्राला वाटलं तशी सतार, खुंट्या पुन्हा एकतीस. मधला जोर धरला. प्रॉम्प्ट तोच, फक्त प्रकाश उजवीकडच्या खिडकीतून आणि डावी भिंत काळोखात. तिसऱ्या चित्रात डग्ग्याची शाई मधोमध आली. चौथ्यात पितळ सोन्यासारखं पिवळंजर्द झालं, तिने ‘वापरलेलं, हात फिरलेलं पितळ’ असं लिहिलं. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या बांगडीचा आवाज तिला मोजता येऊ लागला. दुकानदाराने दोनदा किती वाजले ते विचारलं, घड्याळ स्वतःच्या मनगटावर असताना.

सहावं चित्र आलं आणि तिने खुंट्या मोजल्या. सात. तरफेच्या बारा, नाही, तेरा. एक दुसरीला चिकटली होती. तेवढीच खूण करून वेगळी केली. खुंट्या वाजवणाऱ्याच्या बाजूला. दांडीवर उजवीकडून सरपटत आलेला प्रकाश, त्यात लाकडाचा प्रत्येक रेषा उठलेला. डावीकडे नावापुरता अंधार, आणि दांडीच्या मुळाशी बाबांच्या पुठ्ठ्याएवढा अंधार.

चारला दहा मिनिटं होती. दुकानदार कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ वाकला, पुन्हा हात धरून बघितलं, मान डोलावली. सुनेने श्वास सोडला. तेवढ्यात त्याने बोट टेकवलं, नेमकं तिथे.

“इथे काय आहे? जरा उजळा.”

तिने सांगितलं की सावलीच आहे, उजळलं तर खोली जाईल, प्लेटा निघायला दहाच मिनिटं आहेत. दुकानदार म्हणाला, दहा मिनिटं म्हणजे पुष्कळ. मॅडमनी तिच्या हातून माउस घेतला. तिला आठवलं की बाबांनी पुठ्ठा धरला होता, पण बल्ब जुना आणि पुठ्ठा त्याहून जुना. कडेने किती उजेड शिरला असेल, फोनने त्यातलं किती टिपलं असेल, कोणाला माहीत. मॅडमनी सावली तेवढी निवडली आणि पट्टी उजवीकडे सरकवायला लागल्या.

काळ्यातून पहिल्यांदा एक पान वर आलं. मग दुसरं.

सुनेला वाटलं, उठून प्लग काढावा. तिने टेबलाची कड धरली आणि पानं मोजायला लागली. बाबांच्या वेलीला सात पानं, जोडीजोडीने तीन आणि शेंड्याला एक, आणि प्रत्येक पानाचा देठ खोडाला जाऊन मिळतो. बाबा म्हणायचे, पान हवेत लटकत नाही. पडद्यावर नऊ आली. अकरा आली. एक देठ निघून कुठेच पोचत नव्हता. दोन खोडं एकमेकांतून आरपार गेली होती आणि तिसरं एका पानाच्या पोटातून उगवलं होतं.

वेल बाबांची नव्हती. यंत्राला तिथे अंधार दिसला होता, आणि नक्षीदार सतारी इतक्या पाहिलेल्या असल्याने त्याने अंधारात आपल्या मनाची नक्षी भरली होती. तिने टेबल सोडलं. बोटांवर कडेची खूण उमटली होती.

दुकानदार मात्र खुर्ची ओढून बसला. “अशी वेल मी आजवर पाहिली नाही,” तो म्हणाला, आणि या सगळ्या व्यवहारात तो पूर्ण खरं बोलला तो एवढ्याच वेळी. “कोण कोरतं ही?”

मॅडम म्हणाल्या, कोणी नाही, यंत्राची कल्पना. सून म्हणाली की पानांचे देठ जुळत नाहीत, अर्ध्या मिनिटात झाकून देते. दुकानदाराने हात आडवा केला. झाकायचं नाही. हेच छापायचं. चार वाजून पाच मिनिटांनी प्लेटा निघाल्या, आणि त्या पाच मिनिटांबद्दल प्रेसवाल्याने मॅडमना जे ऐकवलं ते मॅडमनी जसंच्या तसं सुनेपर्यंत पोचवलं.

संध्याकाळी पत्र मिळालं. काम समाधानकारक, परंतु झालेली गंभीर चूक पाहता परीक्षेची मुदत एक महिना वाढवण्यात येत आहे. सही मॅडमची. सुनेने घडी करून ते पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. घरी नवरा नव्या पुस्तकांना कव्हरं घालत बसला होता. बाबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, काय मग, आमच्या कायम नोकरीवाल्या, दमलात का? म्हणजे थापेत आता दोन जण झाले.

पुस्तक निघालं. कोणी हसलं नाही. उलट गिऱ्हाइकं मुखपृष्ठावर बोट ठेवून मागायला लागली, ही वेल असलेली द्या. दुकानदाराला असं बारीक काम करू शकणारा एकच माणूस ठाऊक होता. तो स्वतः पुस्तक घेऊन कारखान्यात आला, चित्र मोठं करून आणलेला कागद बाकावर पसरला आणि अकरा सतारी सांगून गेला. बाबांनी भिंग लावून तो कागद बराच वेळ पाहिला. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारणाच्या दुसऱ्या टोकाला सून आणि तिची अजून कायम न झालेली नोकरी होती. ते हो म्हणाले.

रविवारी ती कागद धरून बसते आणि बाबा कोरतात. हे पान कशाला लटकलंय गं, ते विचारतात. ती म्हणते, यंत्राला विचारा. ते म्हणतात, त्याला विचारलं तर अजून दोन लटकवेल.

तेव्हा शेवटची बेरीज अशी. दुकानदाराला मुखपृष्ठ मिळालं आणि दुसऱ्या कोणाकडे नाही अशी वेल. मॅडमना गिऱ्हाईक टिकल्याचं समाधान आणि उलटी कळ दाबल्याचं कोणाला न सांगण्याची सोय. नवऱ्याला अभ्यासाचं वर्ष, आणि ते कशावर उभं होतं हे न कळण्याचं सुख. सुनेला एक महिना उशिरा नोकरी आणि खिडकीजवळची खुर्ची. तिच्या नावावर लागला तो एका चुकीचा डाग, जो निम्मा तिचा नव्हता. बाबांनी आपली वेल वाचवली आणि त्या बदल्यात अकरा वेळा दुसऱ्याची कोरली, जिला मूळ नाही नि शेंडा नाही. फक्त प्रत्येक सतारीवर, ते अधांतरी लटकलेलं पान आलं की, ते कागद बाजूला ठेवायला सांगतात आणि चित्रात नसलेला एक देठ कोरून ते पान खोडाला जोडून टाकतात. दुकानदाराच्या ते लक्षात आलेलं नाही. असे अकरा देठ झाले. ते बाबांनी पदरचे घातले.